बर्बेरिनने साखर उतरली, मग वेचणीत मामाजींना घाम का फुटला?

नमस्कार डॉक्टर. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. माझे सासरे ६६ वर्षांचे, शुगरला अकरा वर्षं झाली. सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराइड २ आणि मेटफॉर्मिन ५०० ची एकत्र गोळी, सकाळी बीपीसाठी मेटोप्रोलॉल ५० आणि लोसार्टन ५० घेतात. महिनाभरापूर्वी पुण्याच्या पुतण्याने बर्बेरिनच्या ५०० च्या कॅप्सूल पाठवल्या, दिवसातून तीन, जेवणाआधी. तालुक्याच्या लॅबमध्ये उपाशीपोटीची शुगर १७२ होती ती ११४ आली. मामाजी म्हणतात, आता डॉक्टरच्या गोळ्या बंद. पण परवा कापूस वेचताना दुपारी त्यांना दरदरून घाम आला, काहीबाही बोलायला लागले, मला ओळखलं नाही. सगळे म्हणाले ऊन लागलं. साखरेचा चहा दिला, अर्ध्या तासात बरे झाले. कॅप्सूल चालू ठेवाव्या का? सासूबाईंनाही हव्या आहेत. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. नणंद सात महिन्यांची गरोदर आहे, तिलाही शुगर निघाली आहे.
— एक सून

ताई, आधी आज काय करायचं ते सांगतो. बर्बेरिनची कॅप्सूल आजपासून बंद करा. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र मामाजींनी मनाने बंद करू नयेत. येत्या एक-दोन दिवसांत त्यांना तुमच्या डॉक्टरांकडे न्या आणि कॅप्सूलची बाटली सोबत घ्या. तोवर रोज चार वेळा साखर मोजता आली पाहिजे: सकाळी उपाशीपोटी, दुपारच्या जेवणाआधी, रात्रीच्या जेवणाआधी आणि झोपताना. घरी ग्लुकोमीटर नसेल तर उपकेंद्रात विचारा, नाहीतर विकत घ्या. रात्रीच्या जेवणाआधी साखर १०० च्या खाली दिसली, तर ग्लिमेपिराइडची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि ताट समोर आल्याशिवाय ती गोळी द्यायचीच नाही, हा नियम कायमचा धरा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून परवा ऊन लागलं नव्हतं, साखर उतरली होती, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. ऊन लागलेला माणूस साखरेच्या चहाने अर्ध्या तासात पूर्ण शुद्धीवर येत नाही. त्या वेळी बोटातून रक्त काढून मोजलं असतं तर आकडा ७० च्या खाली, कदाचित ५० च्याही खाली दिसला असता. माणूस असंबद्ध बोलतो, घरच्यांना ओळखत नाही, याचा अर्थ मेंदूला साखर पुरत नव्हती. हे किरकोळ धरू नका. एकट्याने ओलीत करताना, मोटारसायकलवर किंवा विहिरीच्या काठावर हेच झालं असतं तर तुमचं पत्र वेगळं असतं.

आता तुम्ही म्हणाल, लॅबचा आकडा तर ११४ आहे, छान आहे, मग साखर उतरली कशी? लॅबचा आकडा सकाळी उपाशीपोटीचा. त्या एका वेळेला साखर किती होती एवढंच तो सांगतो. दुपारी साडेबाराला कापसाच्या तासात काय चाललंय, ते त्याला कुठून कळणार? मामाजींचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी चहासोबत गोळ्या, थोडी पोळी किंवा पोहे, आठला शेतात. कमरेला ओटी बांधून वाकून वेचणी, म्हणजे चार तासांचं अंगमेहनतीचं काम, आणि काम करणारे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. ग्लिमेपिराइडचा जोर घेतल्यावर दोन-तीन तासांत सगळ्यात जास्त असतो आणि असर दिवसभर टिकतो. त्यात जेवणाआधीची म्हणून दुसरी कॅप्सूल पोटात गेली आणि वेचणीच्या नादात जेवण लांबलं. चार बाजूंनी साखर खाली ओढली जात होती, आणि तिला वर आणणारं पोटात काहीच नव्हतं.

बर्बेरिन ही थापेबाजी नाही, हे मी मुद्दाम सांगतो. आपल्याकडच्या दारुहळदीच्या मुळा-सालींत असणारं ते पिवळं द्रव्य आहे, आणि साखरेवर त्याचा खरोखर परिणाम होतो. चीनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्याने मधुमेह निघालेल्या ३६ जणांपैकी काहींना बर्बेरिन आणि काहींना मेटफॉर्मिन दिलं होतं, दोन्ही ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा. तीन महिन्यांत बर्बेरिन घेणाऱ्यांची तीन महिन्यांच्या सरासरीची साखर, म्हणजे एचबीए१सी, साडेनऊवरून साडेसातवर आली. मेटफॉर्मिनच्या तोडीसतोड. पण अभ्यास लहान होता, तीन महिन्यांचा होता आणि त्यातली माणसं नव्याने आजारी पडलेली होती. मामाजींसारखी अकरा वर्षांची शुगर आणि चार औषधं घेणारा माणूस त्यांच्यात बसत नाही. मधुमेहात आपल्याला वाचवायचे असतात डोळे, मूत्रपिंड, हृदय आणि पाय. मेटफॉर्मिनवर माणसांना वर्षानुवर्षं ठेवून हे तपासलेलं आहे. बर्बेरिनवर तसा पुरावा नाही. म्हणून मामाजींना सांगा की चांगली, तपासलेली गोळी सोडून तिच्या जागी ही कॅप्सूल घेणं हा तोट्याचा सौदा आहे, आणि मेटफॉर्मिन तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं.

खरी अडचण अशी की मामाजींनी गोळ्या सोडल्या नाहीत, त्यांच्यावर कॅप्सूल चढवली. बर्बेरिन एकटं घेतलं तर साखर धोकादायक पातळीला जाणं सहसा होत नाही, मेटफॉर्मिनचंही तसंच. ग्लिमेपिराइड मात्र वेगळ्या जातीचं औषध आहे. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, आणि तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही. रक्तातली साखर कमी असली तरी त्याचं काम चालू राहतं. इतके दिवस मामाजींची साखर १७०-१८० असायची, त्यामुळे ग्लिमेपिराइडने दुपारी ती उतरवली तरी खाली जागा शिल्लक होती. बर्बेरिनने ती जागाच संपवली. ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या त्याच घराण्यातल्या गोळ्या आणि इन्सुलिनचं इंजेक्शन यांनाही हेच लागू आहे.

दुसरी गोष्ट यकृतात घडते, आणि ती लोकांना सहसा कोणी सांगत नाही. आपण घेतलेल्या बहुतेक औषधांना यकृतातली एन्झाइम नावाची द्रव्यं मोडून टाकतात, म्हणून तर रोज नवी गोळी घ्यावी लागते. कापूस खरेदी केंद्रावर गाड्या रांगेत उभ्या आहेत आणि चालू काट्यांपैकी काही संथ झाले, की आवारात गाड्या साचत जातात. बर्बेरिन यकृतातले असे तीन काटे संथ करतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांना ३०० मिलिग्रॅम दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे बर्बेरिन दिलं, आणि तीन वेगवेगळ्या एन्झाइमांचं काम मंदावल्याचं मोजलं. मामाजी घेत होते तो डोस याहूनही जास्त, म्हणजे दिवसाला १५०० मिलिग्रॅम. ग्लिमेपिराइड मोडणारं एन्झाइम त्या तिघांपैकी एक. त्या अभ्यासात ग्लिमेपिराइड स्वतः मोजलेलं नव्हतं. पण ज्या औषधावरून हे एन्झाइम तपासलं, ते होतं लोसार्टन. आणि लोसार्टनही मामाजींच्या डब्यात आहे.

म्हणजे एका गोळीवर दुहेरी मार. बर्बेरिन स्वतः साखर उतरवतं, आणि साखर उतरवणाऱ्या दुसऱ्या गोळीला शरीरात जास्त वेळ थांबू देण्याची शक्यताही वाढवतं.

मेटोप्रोलॉलकडे मला जास्त लक्ष वेधायचं आहे. साखर उतरली की निरोगी माणसाचं शरीर ओरडून सांगतं. छातीत धडधडतं, हात थरथरतात, घाम येतो, भूक लागते. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या गोळ्या हृदयाचा वेग आवरतात, आणि त्यांच्यामुळे धडधड आणि थरथर दबून जाते. घाम मात्र दबत नाही. तुमच्या पत्रात घाम आहे, बडबड आहे, पण हात थरथरल्याचा शब्द नाही. त्यामुळेच कोणाला साखर सुचली नाही, ऊन सुचलं. त्यात भर अशी की मेटोप्रोलॉल मोडणारं एन्झाइम हेच त्या २०१२ च्या अभ्यासात सगळ्यात जास्त मंदावलं होतं. म्हणजे रक्तात मेटोप्रोलॉल साचलं असण्याचीही शक्यता आहे. त्याने नाडी मंद होते, उठताना चक्कर येते, थकवा वाटतो. मामाजी बसलेले असताना मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. पन्नासच्या खाली आली, किंवा त्यांना अंधारी येत असली, तर दोन दिवस थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

लोसार्टनचं उलटं आहे. ते पोटात जातं तेव्हा कमी ताकदीचं असतं, यकृतातलं एन्झाइम त्याला जोरदार रूप देतं. एन्झाइम मंद झालं की गोळी घेऊनही बीपी पुरेसं उतरत नाही. म्हणून डॉक्टरांकडे बीपीही मोजून घ्या. टेल्मिसार्टनला या वाटेने जावं लागत नाही. डॉक्टरांनी कधी गोळी बदलायचं ठरवलं तर त्यांना हे कारण माहीत असेल, तुम्ही स्वतः बदलू नका. आणखी एक: दुकानातून कोरड्या खोकल्याचं सिरप आणता, त्यातलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे औषध मेटोप्रोलॉलच्याच एन्झाइमवर अवलंबून आहे. बर्बेरिन बंद झाल्यावरही पहिले काही दिवस ते टाळा.

डॉक्टरांसमोर बाटली ठेवणं का महत्त्वाचं, ते आता लक्षात येईल. समजा तुम्ही फक्त एवढंच सांगितलं की दुपारी साखर उतरते. डॉक्टर ग्लिमेपिराइड कमी करतील, आणि ते योग्यच आहे. पण त्याच आठवड्यात तुम्ही बर्बेरिनही बंद केलं, तर दोन्ही आधार एकदम निघतील आणि साखर २५० च्या वर जाऊ शकते. मग पुढच्या भेटीत डोस पुन्हा वाढणार. उलट, बर्बेरिन कधी थांबवलं ती तारीख त्यांना माहीत असली, तर त्याचा असर पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत ओसरत जाईल हे धरून ते डोस ठरवतील. त्यांना सरळ विचारा की ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन वेगवेगळ्या गोळ्यांत देता येईल का. एकत्र गोळीत एक कमी करायचं तर दुसरंही कमी होतं. आणि त्यातलं मेटफॉर्मिन हळूहळू विरघळणाऱ्या प्रकारचं असेल तर ती गोळी अर्धी तोडून चालत नाही. वयाच्या ६६ व्या वर्षी रोज अंगमेहनत करणाऱ्या, बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाला ग्लिमेपिराइड दोनदा लागतं का, हाही विचारण्यासारखा प्रश्न आहे. सोबत रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, कारण मूत्रपिंड मंदावलेलं असलं की ग्लिमेपिराइडचा असर लांबतो.

आपल्या भागातली म्हणून एक गोष्ट जोडतो. घरात कोणाला सिकलसेल असेल किंवा मामाजींची कधी सिकलसेलची तपासणी झाली असेल, तर डॉक्टरांना सांगा. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीए१सी खरी साखर आहे त्यापेक्षा कमी दाखवू शकतो. बर्बेरिनने कमाल केली असं वाटतं आणि प्रत्यक्षात तो चाचणीचा खोटा दिलासा असतो. अशा माणसासाठी उपाशीपोटीचे आणि जेवणानंतरचे आकडेच खरे.

आता पुन्हा तसं झालं तर. मामाजी शुद्धीवर असतील, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात पाणी घालून लगेच पाजा, किंवा ग्लुकोज पावडर द्या. गूळही चालतो. बिस्किट, पेढा नको, त्यातल्या तुपा-दुधामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजूनही ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच साखर द्या. सुधारल्यावर भाकरी, पोळी, भात काहीतरी पोटभर खाऊ घाला, आणि हे चुकवू नका. मीटर जवळ नसेल तर मोजायची वाट बघू नका, आधी साखर द्या. बेशुद्ध असतील, झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका, साखरसुद्धा नाही, ती श्वासनलिकेत जाते. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडने उतरलेली साखर एकदा वर आली म्हणजे प्रश्न मिटला असं नसतं. गोळी अंगात असेपर्यंत ती चार-सहा तासांनी, रात्री झोपेतही पुन्हा उतरू शकते. म्हणून असा प्रसंग आला तर ते बरे दिसले तरी त्या दिवशी दवाखान्यात दाखवा. शेतात जाताना मामाजींच्या खिशात साखरेची पुडी असू द्या आणि वेचणीतल्या बायांना ती कशासाठी आहे ते सांगून ठेवा. वेचणीच्या दिवसांत अकरा वाजता काहीतरी खायचंच. उपवासाच्या दिवशी ग्लिमेपिराइडचं काय करायचं, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

सासूबाईंना ही कॅप्सूल देऊ नका, एकही नाही. रक्त पातळ करायची वॉरफॅरिन किंवा असेनोकौमेरॉल यापैकी जी गोळी असेल, ती मोडणारं एन्झाइमही तेच, ग्लिमेपिराइडवालं. ते मंदावलं की रक्त जास्त पातळ होतं. हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, लघवी लाल, शौच काळी, आणि वाईटात वाईट म्हणजे डोक्यात रक्तस्राव. झडप बदललेल्या माणसाचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, नेमक्या पट्ट्यात ठेवायला डॉक्टर धडपडत असतात, तो एका कॅप्सूलने बिघडू शकतो. त्यांनी चोरून घेतली असेल तर रागावू नका, किती दिवस घेतली ते विचारा आणि आयएनआर लगेच करून घ्या.

नणंदेच्या बाबतीत तर विचारच नको. बर्बेरिन बाळाच्या रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं द्रव्य, मोकळं करू शकतं, आणि मोकळं बिलिरुबिन नवजात बाळाच्या मेंदूला इजा करतं. काविळीने बाळ पिवळं पडतं, त्याचीच ही गंभीर बाजू. म्हणून गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना ते घ्यायचं नसतं. तिच्या शुगरसाठी जेवणातला बदल आणि गरज पडली तर इन्सुलिन, हे प्रसूतीच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आशाताईला तिचे आकडे सांगत राहा.

दारुहळदीचा काढा, तो आटवून केलेलं रसांजन, शुगरवरची आयुर्वेदिक पावडर यांतही बर्बेरिन असू शकतं. बाटलीवर नाव नसलं तरी घटकांच्या यादीत दारुहळद किंवा दारुहरिद्रा शोधा. वैद्यांकडे जाल तेव्हा मामाजींच्या सगळ्या गोळ्यांची पानं घेऊन जा, आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा वैद्यांच्या पुड्या. पुतण्याच्या बाटलीवर बारीक अक्षरात बघा, औषध म्हणून वापरण्यासाठी नाही अशी सूचना सहसा छापलेली असते. ती त्यालाही वाचून दाखवा. त्याने प्रेमानेच पाठवलं आहे, त्याला दुखवायचं कारण नाही. त्याला काही पाठवायचंच असेल तर ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांचे दोन डबे पाठवायला सांगा, वेचणी संपेपर्यंत ते रोज लागतील.